परडीत काय पडतं

निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यातल्या नव्या लेखकांची हस्तलिखितं मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्यातली पुष्कळशी पहिल्या कादंबऱ्यांची असतात. माणसं खरी असतात, बोली तर इतकी नेमकी की वाचताना गावाची वेस दिसते. पण सण, जत्रा, जोगवा किंवा लग्न आलं की लेखणी अडते आणि माहिती सुरू होते. ‘आमच्या भागात अशी प्रथा आहे की...’ या वाक्यापासून पुढे पानभर कादंबरी थांबून राहते. तो थांबा कसा मोडायचा, हे मी या हस्तलिखितांतून आणि आमच्याच मातीतल्या चांगल्या कादंबऱ्यांतून शिकलो. ते इथे मांडतो.

१. वस्तूचा अर्थ सांगू नये, वस्तू वापरात आणावी

राजन गवस यांची ‘चौंडकं’ 1985 साली आली. बगलेत धरून वाजवायचं हे वाद्य आहे. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला चामडं आणि त्यातून ओढलेली एकच तार. यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींच्या हातातलं हे वाद्य निपाणी-गडहिंग्लजच्या वाचकानं लहानपणापासून दारात ऐकलेलं असतं, पुण्या-मुंबईच्या वाचकानं बहुधा पाहिलेलंही नसतं. तरी नाव तेच राहिलं. जट निघाली म्हणून देवीला सोडलेल्या सुलीचं पुढं काय होतं हे वाचता वाचता त्या वाद्याचं वजन दोन्ही वाचकांना सारखंच कळतं. पुढे आलेल्या ‘भंडारभोग’मध्ये जोगत्या व्हावं लागलेल्या तायाप्पाच्या वाट्याला हेच जग येतं. ‘जोगवा’ हा 2009चा चित्रपट याच दोन कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर उभा आहे.

मी लेखकांना जटेचंच उदाहरण देतो. जट का होते हे आज सगळ्यांना माहीत आहे. केसांना तेल नाही, फणी नाही, धूळ आणि घाम साचला, की केस एकमेकांत गुंततात आणि सुटत नाहीत. कादंबरीत हे सांगायला गेलं की ते आरोग्यखात्याचं पत्रक होतं. त्याऐवजी घरातली तेलाची बाटली दाखवावी. पोरीच्या केसांना लावायला तेल नाही म्हणून आई नुसत्या पाण्यानं तिचे केस चापून बसवते. काही महिन्यांनी जट दिसते, शेजारची म्हातारी हात जोडते, आणि त्याच संध्याकाळी आई उधारीनं वाटीभर तेल आणते ते देवीपुढच्या दिव्यासाठी. तेल आधी कशाला नव्हतं आणि मग कशाला मिळालं, एवढ्यानं त्या घराची भीती, गरिबी आणि श्रद्धा तिन्ही वाचकाच्या पुढ्यात येतात. आईला दोष देणारं किंवा तिची कड घेणारं एकही वाक्य लागत नाही.

२. कोण देतं, कुठून देतं, कुणाला देत नाही

हा धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून एक प्रकरण तपशिलानं सांगतो.

एका तरुण लेखिकेच्या हस्तलिखितात जोगतीण दारात येते असा प्रसंग होता. सुरुवातीला यल्लमा म्हणजे रेणुका, तिचं ठाणं बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर, परडी म्हणजे काय, जोगवा कोणत्या वारी मागतात, अशी माहिती होती. सगळी बरोबर होती. शेवटी ‘समाज देवदासीला पवित्रही मानतो आणि दूरही ठेवतो’ असं वाक्य होतं. तेही खरंच होतं. पण वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे ना दार उभं राहत होतं, ना बाई.

आम्ही दोघं बसलो आणि तो प्रसंग हातांच्या हालचालींत उलगडला. मी तिला विचारत गेलो. परडीत काय पडलं? पीठ की जोंधळे? जोंधळे. ते कशातून आणले? सुपातून. कुणी आणले? सासूनं. सासू कुठं उभी राहिली? उंबऱ्याच्या आत. जोगतीण? पायरीखाली, अंगणात. मग सासूनं काय केलं? खाली उतरून परडीच्या पाया पडली, जोगतिणीच्याही पाया पडली. भंडारा कुणाकुणाला लागला? सासूला, सुनेला, पोरांना. आणि घरात आणखी कोण आहे?

इथे लेखिका थांबली. घरात सासूची विधवा लेक होती. पहिल्या खर्ड्यात तिचं नाव या प्रसंगात आलंच नव्हतं.

‘मग ती कुठं हाय त्या वेळी?’ मी विचारलं.

‘आत. माजघराच्या दारापाशी. ती भायेर येत न्हाई, सर.’

‘कुणी नको म्हटलं?’

‘कुणी कशाला म्हणतंय? तिलाच ठावं असतंय.’

तिच्या या उत्तरावर सगळं प्रकरण फिरलं. महिना कोणता, असं मी विचारलं. पौष. इथे विधीचा एक तपशील कामाला आला. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे रांडाव पुनवेला, सौंदत्तीवर जोगते-जोगतिणी देवीच्या वैधव्याबरोबर आपल्याही बांगड्या फोडतात. माघ पौर्णिमेला, अहेव पुनवेला, त्या परत भरतात. म्हणजे पौषात दारात आलेल्या जोगतिणीचे हात मोकळे असणार. पहिल्या खर्ड्यात लेखिकेनं तिच्या हातात हिरवा चुडा घातला होता. चुडा काढला, आणि दारात एक मोकळा हात व माजघरात दुसरा मोकळा हात, असे दोन हात समोरासमोर आले. एक हात माघात पुन्हा भरणार आहे. त्या हाताच्या बाईच्या पाया पडलं जातं, तिच्याकडून सुनेच्या कपाळाला हळद लागते. दुसरा कधीच भरणार नाही, आणि तो शुभाच्या वेळी दारात दिसूही नये असं घर मानतं. अंगणातल्या बाईला गावानं देवीच्या नावावर सोडलं म्हणून ती अखंड सवाशीण आहे. आतली बाई नियमानं लग्न होऊन सासरी गेली म्हणून विधवा आहे. यातलं काहीही लेखिकेनं लिहिलं नाही. तिनं फक्त सुनेच्या कपाळावरचा भंडारा आणि माजघराच्या दाराची चौकट धरून ठेवलेली बोटं एका परिच्छेदात आणली.

मग पाण्याचा प्रश्न आला. जोगतीण पाणी मागते. पाया पडणारी सासू तांब्या तिच्या हातात देते का? देवदासी बहुतेक दलित घरांतल्या. सासू तांब्या उंच धरते आणि जोगतीण ओंजळीनं पाणी पिते. सासूच्या वागण्यात तुसडेपणा नाही, उलट ‘दमलीस, बाई’ असं ती मनापासून म्हणते. तांब्या मात्र ती सोडत नाही. पाया पडताना जो स्पर्श चालला तो पाणी देताना चालत नाही, हे वाचक स्वतः पाहतो आणि स्वतःच अस्वस्थ होतो. पवित्रही आणि दूरही हे वाक्य आम्ही खोडलं. ते आता दोन कृतींमध्ये वाटलं गेलं होतं.

या प्रसंगातून मी एक सवय लावून घेतली. विधीच्या प्रसंगात जे लोक दिसतात त्यांच्याआधी जे दिसत नाहीत त्यांची यादी करायची. समाजाला कुणाचा मान आहे हे ताटावरून कळतं. कुणाला बाजूला ठेवलंय हे मात्र रिकाम्या पाटावरून आणि बंद दारावरूनच कळतं, आणि हे दुसरं नवा लेखक नेहमी विसरतो, कारण विधीचं वर्णन त्यानं पुढे बसलेल्यांकडूनच ऐकलेलं असतं.

३. एक वस्तू निवडून ती फिरवत राहावी

घर उभं करायचं म्हणून उखळ, मुसळ, जातं, पाटा, रांजण, शिंकाळं अशी यादी देणारे परिच्छेद मी फार वाचले आहेत. त्यानं घर भरतं, पण त्यात कुणी राहत असल्याचं जाणवत नाही. मी लेखकाला एकच वस्तू निवडायला सांगतो. निपाणीच्या कादंबरीसाठी माझी आवडती वस्तू सूप आहे.

या भागातलं सूप बारा कामांचं. धान्य पाखडायचं त्यानंच, जोगवा वाढायचा त्यातूनच, तान्ह्या बाळाला पहिल्यांदा निजवायचंही त्यातच. ते पालथं टाकत नाहीत, पायानं सरकवत नाहीत. आणि निपाणीच्या गल्ल्यांमधून बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. तेंदूचं पान फर्म्यावर ठेवून कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. सगळं सुपात. हाताची बोटं न बघता चालतात. संध्याकाळी बिड्या मोजून द्यायच्या, आणि न पटलेल्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी नाही.

आता कादंबरीकारापुढे एक साधा प्रश्न येतो. त्या घरात सुपं किती? दोन असतील तर बाई बिडीचं सूप वेगळं ठेवते, धान्याच्या सुपाला हात लावण्याआधी हात धुते, ते शेणानं सारवून भिंतीला उभं करते. घरात थोडी सवड आहे आणि धान्याला लक्ष्मी मानण्याची रीतही टिकून आहे. एकच असेल तर ती जर्दा झाडून त्यातच जोंधळे पाखडते आणि भाकरीला तंबाखूचा कडवटपणा येतो. पोरं सवयीनं खातात. पाव्हणा पहिला घास घेऊन थबकतो. तो काही बोलत नाही. घरातली म्हातारी मात्र मान खाली घालते. आता कादंबरीकाराला त्या घराची मिळकत सांगावी लागत नाही. तंबाखूनं या शहराला काय दिलं आणि काय घेतलं यावर निबंध लिहावा लागत नाही.

महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. त्यांच्या लेखनात टॅक्सी ड्रायव्हर, बिडीकामगार बाया, गॅरेजमधली पोरं जी येतात ती कामाच्या वस्तूंसकट येतात, कारण लेखक स्वतः त्या वस्तूंच्या आवाजात बसलेला होता. ‘एकोणिसावी जात’ ही ड्रायव्हर लोकांची कादंबरी. अठरा जातींच्या पुढची ही जमात तिच्या गाडीवरून, गाडीतल्या बोलण्यावरून ओळखू येते. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराचं पीठ ज्याच्या हातून जातं, त्याला कुणाच्या घरी जोंधळा आहे आणि कुणाच्या घरी मिसळ आहे हे विचारायची गरज पडत नसणार, असं मला नेहमी वाटतं. लेखकानं वस्तूच्या इतकं जवळ असावं. हे वाचनालयात बसून साधत नाही.

४. पंचांग चुकलं की घर चुकतं

सीमाभागात तिथीसुद्धा बोलते. ज्येष्ठ पौर्णिमेला बाया वडाला दोरा गुंडाळतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्याकडे त्याच दिवशी कर्नाटकी बेंदूर असतो. सकाळी बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि संध्याकाळी वेशीत कर तोडतात. आडव्या बांधलेल्या दोराकडे बैल धावत येतात आणि कुणाचा बैल कर तोडणार याचा मान ठरलेला असतो. आषाढातला महाराष्ट्री बेंदूर वेगळा, श्रावणातला पोळा तर देशावरचा. म्हणून घरात सून वडाला निघालेली आहे आणि सासरा बैलाच्या शिंगांना रंग लावतो आहे, असं एकच वाक्य आलं की जाणता वाचक घटप्रभा-वेदगंगेच्या काठावर येऊन उभा राहतो. ‘दोन भाषांच्या मधलं गाव’ असं सांगण्याची गरज राहत नाही.

आणि त्या पुरणपोळीचं ताट नीट पाहिलं तर आणखी कळतं. बैलाला पहिला घास, हे सगळेच लिहितात. पण वर्षभर बैल ज्याच्या हाताखाली राहिला तो गडी त्या दिवशी कुठं जेवतो? सोप्यावर पानात, गोठ्यात, की पोळ्या फडक्यात बांधून घरी नेतो? बैलाला ओवाळणाऱ्या बाईनं गड्यालाही टिळा लावला का? ज्या घरात बैल आणि गडी एकाच वेळी ओवाळले जातात आणि ज्या घरात फक्त बैल ओवाळला जातो, ती दोन वेगळी घरं आहेत, भले दोन्ही घरांच्या आमटीला एकच कट असो.

तिथी चुकणं हे वरवर किरकोळ दिसतं. पण वाचकाचा विश्वास तिथंच तुटतो. पौषातल्या जोगतिणीच्या हातातला चुडा हे त्याचं वर सांगितलेलं उदाहरण. चूक शोधायची सोपी रीत अशी: कादंबरीतल्या प्रत्येक विधीपुढे महिना लिहायचा, त्या महिन्यात शेतात काय उभं असतं, घरात कोणतं धान्य असतं ते लिहायचं. माघात शाळू उभा असताना घरात नव्या जोंधळ्याची भाकरी आली, तर कुणीतरी कादंबरी घाईनं लिहिली आहे.

५. थोडक्यात, एक फडकं

निपाणी-चिकोडी भागात शेती करणारी जैन घरं पुष्कळ आहेत. एका हस्तलिखितात ‘ते जैन असल्यामुळे अहिंसेला मानत’ असं वाक्य होतं. मी त्याजागी घागरीच्या तोंडावर बांधलेलं पाणी गाळायचं फडकं घ्यायला सांगितलं, आणि ते गाळून झाल्यावर फडक्यावरची जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडणारी बाई. ऊस तोडायचा दिवस आहे, माणसं खोळंबली आहेत, ती तरी विहिरीपर्यंत परत जाते. सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायचं म्हणून मजुरांना लवकर सुट्टी मिळते, हे मजुरांच्या तोंडून यावं. म्हणजे धर्म शेजाऱ्याच्या सोयी-गैरसोयीतून दिसतो.

६. न सांगण्याची मर्यादा

सगळंच वस्तूवर सोडता येत नाही, हेही मी शिकलो. वस्तू आजचं वागणं दाखवते, पण त्यामागची सक्ती किती जुनी आणि त्यावर कायदा काय झाला हे ती आपणहून सांगत नाही. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा 1934 साली झाला, आणि बेळगाव तेव्हा त्या इलाख्यात होतं. कर्नाटकानं मुलींना देवाला सोडण्यावर बंदी घालणारा कायदा 1982 साली केला, महाराष्ट्रानं 2005 साली. 1930च्या काळातली आणि 1990च्या काळातली कादंबरी, दोन्हींत मुलीच्या गळ्यात तेच मणी असतील तर काळाचा फरक कसा दाखवायचा?

माझं उत्तर असं की मणी तेच ठेवावेत, त्यांची जागा बदलावी. जुन्या काळात ते गळ्यात उघडे, वाजतगाजत बांधलेले. कायद्यानंतर ते पोलक्याच्या आत जातात, किंवा ट्रंकेत साडीच्या घडीत. विधी डोंगरावर न होता कुणाच्या तरी घरात, दार लावून, दोन-चार माणसांत होतो. नैवेद्याला आंबील, वडी-भाकरी, मेथीची भाजी तीच, पण शेजारी वाटायची नाही, कारण वाटली की विचारणा होते. ज्या समाजात नैवेद्य वाटल्याशिवाय घरचं कुणी जेवत नाही, तिथं न वाटलेला नैवेद्य बाईच्या हातात राहतो आणि तिला तो कुठं ठेवावा हे कळत नाही. कायद्याची कलमं यापेक्षा जास्त काही सांगू शकणार नाहीत.

पण एक गोष्ट वस्तूतून कधीच येत नाही, असं माझं मत पक्कं होत गेलं आहे. ती म्हणजे त्या मुलीचं स्वतःचं म्हणणं. परडी, भंडारा, मणी, चौंडकं हे सगळं इतरांनी तिच्या अंगावर ठेवलेलं असतं. त्यावरून गाव कळतं, सासू कळते, देवीविषयीची भीती कळते. मुलगी कळत नाही. तरुण लेखिकेच्या त्या प्रकरणात आम्ही जोगतिणीला अंगणात सुंदर उभं केलं, पण पुढची वीसेक पानं वाचल्यावर लक्षात आलं की ती अजून एकही वाक्य स्वतःच्या मनचं बोललेली नाही. ‘उदं गं आई’ म्हणते, पाणी मागते, निघून जाते. लेखिकेनं मग एक प्रकरण नव्यानं लिहिलं. जोगतीण संध्याकाळी आपल्या खोपटात परडी उतरवते, दिवसभराचे जोंधळे निवडते. सात घरांचं धान्य एकत्र झालेलं, त्यात किडका जोंधळा कुणाच्या घरचा हे तिला ओळखू येतं. ती ते घर नाव घेऊन सांगते, आणि पाणी उंचावरून ओतणाऱ्या सासूच्या जोंधळ्यांत खडे नव्हते हेही सांगते. मग परडीतल्या आपल्या मुलीच्या वाट्याचे जोंधळे वेगळे काढून म्हणते, हिला मी शाळेत घालणार, हिच्या केसांना रोज तेल लावणार. लेखिकेनं हे प्रकरण पाठवलं तेव्हा सोबत एका ओळीत विचारलं होतं की हे जोगतिणीच्या तोंडी सरळ येणं चालेल का, का इथंही वस्तूच पुरे. मी कळवलं की चालेल, आणि ती वाक्यं आहेत तशीच छापायला गेली.